फिल्टर, हाइड आणि कॉपी: दिसतं तेवढंच उचलायचं कसं?

प्रश्न: मी आमच्या सोसायटीचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतो. नको त्या ओळी दिसेनाशा करून (कधी फिल्टरने, कधी हाइड करून) फक्त थकबाकीदारांच्या ओळी कॉपी करतो आणि कमिटीला पाठवतो. कधी बरोबर तेवढ्याच ओळी पेस्ट होतात, कधी लपवलेल्या सगळ्या सोबत येतात. गेल्या महिन्यात तर लपवलेला मोबाईल नंबरचा कॉलमसुद्धा ग्रुपवर गेला. फाइल तीच, कॉम्प्युटर तोच. मग असं का होतं, आणि खात्रीचा उपाय कोणता?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातल्या कंसातच याचं मूळ आहे. फिल्टरने गेलेली ओळ आणि हाताने हाइड केलेली ओळ आपल्याला सारख्याच दिसतात, म्हणजे दोन्ही दिसत नाहीत. एक्सेल मात्र त्यांना दोन वेगळ्या गोष्टी समजतं. फिल्टर लावला की एक्सेलला कळतं की या माणसाने निवड केली आहे, उरलेल्या ओळी त्याला आत्ता नको आहेत. म्हणून फिल्टर चालू असताना कॉपी केलं की गाळलेल्या ओळी मागेच राहतात. हाइडचा अर्थ त्याच्या लेखी फक्त एवढाच की ओळीची उंची शून्य झाली. ओळ निवडीत आहेच, आणि तुम्ही पहिल्या सेलपासून शेवटच्या सेलपर्यंत माउस ओढलात तेव्हा मधली प्रत्येक ओळ निवडली गेली. कॉपी केल्यावर ती येणारच. पेस्ट केलेल्या जागी ओळींची उंची नेहमीची असते, त्यामुळे तिथे सगळं उघडं पडतं.

मी सोसायट्यांचे आणि छोट्या दुकानांचे हिशेब लिहितो आणि कार्यालयातल्या मंडळींना एक्सेल शिकवतो. ही तक्रार आली की मी सर्वांत आधी विचारतो, ओळी लपवल्या कशा? बहुतेकांना ते आठवत नाही, कारण शीट दुसऱ्या कुणाकडून आलेली असते किंवा मागच्या वर्षीच्या फाइलवरून चालवलेली असते. म्हणून शीटकडे बघूनच ओळखायला शिकलेलं बरं.

डाव्या कडेच्या ओळींच्या क्रमांकांकडे बघा. फिल्टर चालू असेल आणि त्याने काही ओळी गाळल्या असतील तर दिसणाऱ्या ओळींचे क्रमांक निळे होतात आणि शीर्षकाच्या ज्या कॉलमवर अट लावली आहे तिथल्या बाणाच्या जागी चाळणीचं छोटं चित्र येतं. क्रमांक काळेच आहेत, पण ४ नंतर एकदम ९ दिसतोय आणि दोन्हींच्या मधे जाडसर दुहेरी रेघ आहे, तर मधल्या ओळी हाताने लपवलेल्या आहेत. क्रमांकांच्याही डावीकडे, अगदी कडेला, अधिक-उणे चिन्हं आणि 1, 2, 3 अशी छोटी बटणं दिसत असतील तर ओळी गटात मिटलेल्या आहेत. गट मिटवणं हेसुद्धा एक्सेलच्या दृष्टीने हाइडच आहे, फिल्टर नव्हे. हे खूप जणांना माहीत नसतं.

आता एक नमुना शीट घेऊन नीट बघू, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. समजा तीन विंगची सोसायटी आहे, प्रत्येक विंगमध्ये २८, म्हणजे एकूण ८४ सदनिका. पहिल्या ओळीत शीर्षकं आणि ओळ २ ते ८५ मध्ये सदनिका. कॉलम असे: A मध्ये अनुक्रमांक, B विंग, C सदनिका (A-101 अशा पद्धतीने), D सभासदाचं नाव, E मोबाईल, F मागणी, G जमा, H बाकी. यातल्या १९ जणांकडे बाकी आहे. तुम्ही पूर्ण भरणा केलेल्या ६५ ओळी निवडून, राइट क्लिक करून Hide केल्या आणि E कॉलमही तसाच लपवला. पडद्यावर १९ ओळी आणि सात कॉलम दिसतात. A1 पासून H85 पर्यंत निवडून Ctrl+C केलंत, नव्या शीटवर Ctrl+V केलंत. तिथे ८४ सदनिका आल्या आणि मोबाईल नंबरही आले. गेल्या महिन्यात तुमच्याकडे बहुधा हेच झालं असणार.

एक्सेल या दोन्ही लपवण्यांत फरक करतं हे स्वतः तपासायचं असेल तर ओळी हाताने लपवलेल्या असताना, फिल्टर नसताना, शीर्षकाच्या ओळीत बाजूच्या रिकाम्या सेलमध्ये ही दोन सूत्रं लिहून बघा:

```
=SUBTOTAL(3,C2:C85)
=SUBTOTAL(103,C2:C85)
```

दोन्ही सूत्रं भरलेले सेल मोजतात. पहिलं ८४ दाखवेल, दुसरं १९. कारण 3 हा आकडा हाताने लपवलेल्या ओळीही मोजतो आणि 103 त्या सोडून देतो. आता सगळ्या ओळी उघडा आणि तेच काम फिल्टरने करा, H कॉलमवर शून्यापेक्षा जास्त अशी अट लावा. दोन्ही सूत्रं १९ दाखवतील, कारण फिल्टरने गाळलेली ओळ दोघंही मोजत नाहीत. ही जोडी मी नवीन शिकणाऱ्यांकडून मुद्दाम करून घेतो. एकदा ८४ आणि १९ शेजारी शेजारी दिसले की मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

उपायाकडे वळतो. ओळी कशाही लपवलेल्या असोत, हाताने, गटाने की फिल्टरने, कॉपी करण्याआधी एक्सेलला स्पष्ट सांगायचं की निवडीतले फक्त दिसणारे सेल धर. त्याचा शॉर्टकट Alt+; असा आहे. क्रम असा: A1 ते H85 निवडा, Alt दाबून अर्धविरामाची कळ दाबा, मग Ctrl+C, नव्या शीटवर A1 मध्ये जाऊन पेस्ट. आपल्या नमुन्यात आता शीर्षक आणि १९ ओळी येतील, आणि मोबाईलचा कॉलम वगळला जाऊन सातच कॉलम येतील. Alt+; ओळी आणि कॉलम दोन्हींना लागू होतं, म्हणून तुमच्या दोन्ही तक्रारी यातच मिटतात.

मेनूतून करायचं असेल तर Home टॅबवर Find & Select, तिथे Go To Special, आणि उघडणाऱ्या चौकटीत Visible cells only निवडून OK. F5 दाबून Special वर गेलात तरी तीच चौकट उघडते. आपल्याकडे एक अडचण हमखास येते, ती सांगून ठेवतो. इनस्क्रिप्ट मराठी कीबोर्ड चालू असेल तर अर्धविरामाची कळ म्हणजे ‘च’ची कळ असते. नावं मराठीत भरता भरता लगेच Alt+; दाबलंत आणि काहीच घडलं नाही असं वाटलं तर आधी कीबोर्ड इंग्रजीवर आणा, किंवा सरळ मेनूचा रस्ता धरा.

दुसरी अडचण निवडीची. एकच सेल निवडलेला असताना Go To Special मधून Visible cells only घेतलं तर एक्सेल ती आज्ञा त्या एका सेलपुरती न ठेवता सगळ्या शीटवर चालवतं. म्हणून आधी हवा तो भाग निवडायचा आणि मगच दिसणारे सेल धरायचे.

आपलं काम बरोबर झालं की नाही, हे पेस्ट करण्याआधीच कळतं आणि ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. Ctrl+C केल्यावर निवडीभोवती तुटक रेघ फिरायला लागते. सगळ्या निवडीभोवती एकच सलग चौकट फिरत असेल, आणि मधे ओळी लपलेल्या आहेत हे तुम्हाला माहीत असेल, तर लपलेलं सगळं सोबत निघालं आहे. Esc दाबा आणि पुन्हा सुरुवात करा. दिसणारेच सेल धरले गेले असतील तर जिथे जिथे ओळी लपलेल्या आहेत तिथे तिथे ती रेघ तुटते आणि प्रत्येक तुकड्याभोवती वेगळी चौकट दिसते. दहा हजार ओळींच्या शीटवरही वरचा थोडासा भाग बघून हे ओळखता येतं.

पेस्ट झाल्यावर ताळा करायचाच. मूळ शीटवर =SUBTOTAL(103,C2:C85) ने १९ आले आणि =SUBTOTAL(109,H2:H85) ने दिसणाऱ्या ओळींची एकूण बाकी आली, समजा १,३७,५०० रुपये. नव्या शीटवर मोबाईलचा कॉलम नसल्यामुळे बाकी आता G कॉलममध्ये आहे. तिथे =COUNTA(C2:C20) आणि =SUM(G2:G20) करून बघा. १९ आणि १,३७,५०० जुळले की यादी पाठवायला हरकत नाही. फक्त संख्या जुळणं पुरेसं नाही, रक्कमही जुळली पाहिजे, कारण पुढे सांगतो तो सूत्रांचा घोळ संख्येत दिसत नाही.

बाकीचा कॉलम बहुतेक वेळा सूत्राचा असतो. =F2-G2 असं साधं सूत्र असेल तर ते त्याच ओळीतले आकडे बघतं, त्यामुळे फारसं बिघडत नाही. पण सभासदाच्या खातेवहीत चालू शिल्लक =H6+F7-G7 अशी वरच्या ओळीवर टेकलेली असते. ते सूत्र जसंच्या तसं नव्या जागी गेलं तर त्याच्या वरची ओळ तिथे वेगळीच असते आणि शिल्लक चुकते. मोबाईलचा कॉलम गळल्यामुळे अक्षरं सरकतात, तो आणखी एक धोका. मधे फटी असलेल्या निवडीतून पेस्ट करताना एक्सेल सूत्रांऐवजी किमती उतरवतं, पण तुमच्या हव्या त्या ओळी योगायोगाने सलग आल्या तर सूत्रंही जातात. आज काय होईल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा नेहमी किमतीच पेस्ट कराव्यात असं माझं ठाम मत आहे. Ctrl+Alt+V दाबा, चौकटीत V दाबा, Enter करा. हे जुन्या-नव्या सगळ्या आवृत्त्यांत चालतं. नव्या आवृत्त्यांत Ctrl+Shift+V नेही तेच होतं. तारखा आकड्यांसारख्या दिसायला लागल्या तर घाबरू नका, त्या सेलला तारखेचं स्वरूप द्या, मजकूर बदललेला नसतो.

गटांच्या बाबतीत एक प्रसंग तुमच्याकडेही येईल, वार्षिक सभेच्या वेळी. विंगनिहाय एकूण बाकी दाखवायची म्हणून आधी विंगप्रमाणे क्रम लावून Data टॅबवरून Subtotal करतात. आपल्या शीटमध्ये मग A विंगची बेरीज ओळ ३० वर येते, B विंगची ५९ वर, C विंगची ८८ वर आणि एकूण बेरीज ८९ वर. कडेचं 2 हे बटण दाबलं की सदनिका मिटतात आणि शीर्षकासह पाचच ओळी दिसतात. सुबक तक्ता तयार झाला असं वाटतं, माणूस तो निवडतो, कॉपी करतो, अहवालात पेस्ट करतो आणि ८९ च्या ८९ ओळी बाहेर येतात. इथे फिल्टरचा काहीच संबंध नाही, ओळी गटाने लपलेल्या आहेत. A1 ते H89 निवडा, Alt+; दाबा, कॉपी करा आणि किमती पेस्ट करा. पाच ओळींचा तक्ता मिळेल.

आता मला जास्त काळजी वाटते ती उलट्या दिशेच्या कामाची. तुम्ही ती विचारली नाहीत, पण थकबाकीच्या कामात ती येतेच आणि त्यात होणारं नुकसान लगेच दिसत नाही. कॉपी करताना दिसणाऱ्या ओळी निवडता येतात, पेस्ट करताना मात्र एक्सेल अनेक सेलचा मजकूर लपलेल्या ओळी टाळून उतरवत नाही. समजा १९ थकबाकीदारांचा विलंब आकार तुम्ही वेगळ्या शीटवर काढला. मूळ शीटवर फिल्टर लावला, दिसणाऱ्या पहिल्या ओळीत, म्हणजे समजा ओळ ४ मध्ये, I कॉलममध्ये जाऊन ते १९ आकडे पेस्ट केले. ते १९ आकडे ओळ ४ ते २२ मध्ये सलग बसतील, मधल्या लपलेल्या ओळींसकट. पडद्यावर तुम्हाला वरचे चार-पाच आकडे दिसतील आणि खालच्या थकबाकीदारांसमोर रिकामं. अर्धेच आकडे दिसले हीच त्याची खूण. लगेच Ctrl+Z करा. नाही केलं आणि फाइल जतन झाली, तर ज्यांनी वेळेवर पैसे भरले त्यांच्या नावावर विलंब आकार चढतो, दिसणाऱ्यांपैकी काहींना दुसऱ्याचा आकडा लागतो, आणि हे पुढची बिलं वाटल्यावर जिन्यात ऐकायला मिळतं.

एकच किंमत सगळ्यांना द्यायची असेल, म्हणजे प्रत्येकाला सारखाच आकार, तर अडचण नाही. तो एक सेल कॉपी करा, I कॉलममधला दिसणारा भाग निवडा, Alt+; दाबा आणि पेस्ट करा, फक्त दिसणाऱ्या सेलमध्ये जाईल. आकडे वेगवेगळे असतील तर मात्र पेस्ट करूच नका, सदनिका क्रमांकावरून शोधून आणा. दुसऱ्या शीटचं नाव ‘दंड’ असेल, तिच्या A कॉलममध्ये सदनिका आणि B मध्ये रक्कम असेल, तर ओळ ४ साठी सूत्र असं:

```
=VLOOKUP(C4,'दंड'!A:B,2,FALSE)
```

I4 पासून शेवटच्या दिसणाऱ्या सेलपर्यंत निवडा, Alt+; दाबा, कर्सर I4 वर आहे ना ते बघा, सूत्र लिहा आणि नुसतं Enter न करता Ctrl+Enter करा. सूत्र फक्त दिसणाऱ्या सेलमध्ये उतरेल आणि प्रत्येक ठिकाणी आपल्याच ओळीतली सदनिका शोधेल. जिथे #N/A दिसेल तिथे दोन्ही शीटवर सदनिकेचा क्रमांक वेगळ्या पद्धतीने लिहिला आहे, बहुधा एकीकडे मधे जागा सुटलेली असते. नंतर फिल्टर काढून टाका आणि पूर्ण I कॉलम कॉपी करून तिथल्या तिथे किमती म्हणून पेस्ट करा. फिल्टर काढल्यावरच हे करायचं, कारण वर सांगितलेलं सलग बसण्याचं कारण इथेही लागू आहे.

पुसण्याच्या बाबतीतही हीच सावधगिरी ठेवा. फिल्टर चालू असताना दिसणाऱ्या ओळी निवडून त्या काढून टाकल्या तर गाळलेल्या ओळी राहतात. हाताने लपवलेल्या ओळी मधे असतील तर त्याही जातात आणि जाताना दिसत नाहीत. म्हणून ओळी पुसण्याआधीही Alt+; दाबायचं. आणि कॉपीऐवजी कट करून ओळी हलवायचा विचार असेल तर तो सोडून द्या. दिसणारे सेल धरल्यावर निवडीचे तुकडे होतात आणि तुकड्यांच्या निवडीवर कट चालत नाही, एक्सेल तसा संदेश देऊन थांबतं. आधी कॉपी करून पेस्ट करा, ताळा जुळला की मूळ ओळी पुसा.

हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगतो. मी विंडोजवरच्या एक्सेलबद्दल बोलतोय. गूगल शीट्समध्ये फिल्टरने गाळलेल्या ओळी कॉपीत येत नाहीत, पण हाताने लपवलेल्या येतात, आणि Alt+; सारखी सोय तिथे नाही. म्हणून तिथे हाइडचा नाद न धरता फिल्टरच वापरावा, आणि नको असलेला कॉलम पेस्ट झाल्यावर नव्या शीटवरून काढून टाकावा. लिबरऑफिस कॅल्कमध्ये Edit मेनूत Select खाली Select Visible Rows Only आणि Select Visible Columns Only अशा दोन वेगळ्या आज्ञा आहेत. एक्सेल २००७ किंवा त्याआधीची आवृत्ती अजून कुठे चालू असेल तर तिथे दिसणाऱ्या सेलचे ८,१९२ पेक्षा जास्त वेगळे तुकडे धरता येत नाहीत. सोसायटीच्या यादीत तेवढे तुकडे होणारच नाहीत, पण मोठ्या दुकानाच्या विक्रीच्या नोंदींत होऊ शकतात. तिथे आधी त्या कॉलमप्रमाणे क्रम लावून घ्यावा, म्हणजे हव्या त्या ओळी एका सलग पट्ट्यात येतात आणि तुकडे उरत नाहीत.

फिल्टर नीट लावूनही नको त्या ओळी येत असतील तर आणखी एक कारण तपासा. यादीत मधेच एखादी पूर्ण रिकामी ओळ असेल आणि फिल्टर लावताना तुम्ही नुसता एका सेलवर कर्सर ठेवला असेल, तर एक्सेल त्या रिकाम्या ओळीपाशी यादी संपली असं धरतं. खालच्या ओळींना फिल्टर लागतच नाही, त्या जशाच्या तशा दिसत राहतात आणि कॉपीतही येतात. B विंगनंतर दिसायला बरी म्हणून सोडलेली रिकामी ओळ हे करते. फिल्टर काढा, A1 ते शेवटच्या ओळीपर्यंत सगळं निवडा आणि मग फिल्टर लावा. त्याहून बरं म्हणजे ती रिकामी ओळ काढूनच टाका.

मोबाईल नंबरांबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. लपवणं म्हणजे काढणं नव्हे. तुम्ही पूर्ण फाइल ग्रुपवर टाकलीत, किंवा शीटच्या टॅबवर राइट क्लिक करून Move or Copy ने शीटची प्रत केलीत, तर लपवलेला कॉलम त्यात असतोच आणि कुणीही Unhide करून तो बघू शकतं. सभासदांचे नंबर बाहेर जायला नको असतील तर दिसणारे सेल नव्या, कोऱ्या फाइलमध्ये किमती म्हणून पेस्ट करा आणि ती फाइल पाठवा. कमिटीला फक्त वाचायचं असेल तर ओळी-कॉलम लपवलेल्या शीटची पीडीएफ करून पाठवलीत तरी चालेल, कारण छपाईत आणि पीडीएफमध्ये लपलेलं काही येत नाही.

तुमचं हे काम दर महिन्याला आहे, म्हणून शेवटी माझी शिफारस सांगतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्सेल २०२४ असेल तर ओळी लपवण्याच्या आणि कॉपी करण्याच्या भानगडीत पडूच नका. मूळ शीटचं नाव ‘हिशेब’ असेल तर त्याच फाइलमध्ये वेगळ्या शीटवर, A2 मध्ये हे सूत्र लिहा:

```
=FILTER(CHOOSECOLS('हिशेब'!A2:H85,3,4,8),
 'हिशेब'!H2:H85>0,"थकबाकी नाही")
```

हे सूत्र सदनिका, नाव आणि बाकी हे तीनच कॉलम आणतं आणि बाकी शून्यापेक्षा जास्त असलेल्याच ओळी दाखवतं. मोबाईलचा कॉलम त्यात मागितलेलाच नाही, त्यामुळे येण्याचा प्रश्न नाही. जमा रकमा भरत गेलात की यादी आपोआप लहान होते. मूळ शीटवर काय लपवलं आहे याच्याशी या सूत्राला देणंघेणं नसतं, ते फक्त अट बघतं. एक्सेल २०२१ मध्ये FILTER आहे पण CHOOSECOLS नाही, तिथे अशा साध्या सूत्राने सलग कॉलमच घेता येतील, म्हणून मोबाईलचा कॉलम उचलून यादीच्या शेवटी नेऊन ठेवा. सूत्राच्या खालचे आणि उजवीकडचे सेल रिकामे ठेवायचे, नाहीतर #SPILL! असं दिसतं. आणि पाठवताना मात्र या यादीच्याही किमतीच नव्या फाइलमध्ये पेस्ट करून पाठवा, मूळ फाइल नको.

तुमची आवृत्ती २०१९ किंवा त्याआधीची असेल तर हे सूत्र चालणार नाही. तिथे फिल्टर, Alt+;, किमती पेस्ट आणि ताळा हाच क्रम ठेवा. Alt+; विसरायला होत असेल तर वरच्या Quick Access Toolbar मध्ये Select Visible Cells हे बटण बसवून घ्या. File मधून Options, तिथे Quick Access Toolbar, डावीकडच्या यादीत All Commands निवडलं की ते सापडतं. हिशेबनीस बदलला तरी बटण त्या कॉम्प्युटरवर समोर राहतं, आणि नव्या माणसाला एकदाच दाखवून दिलं की पुरतं.